‘चिंगी कधी येणार?’ : घरातली म्हातारी मांजर गेल्यावर लहान मुलाशी काय बोलावं

प्रश्न : आमची 16 वर्षांची मांजर चिंगी गेल्या शनिवारी गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या, शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन द्यावं लागलं. मिस्टरांनी तिला सासवडजवळ माझ्या भावाच्या शेतात पुरलं. मुलगा 5 वर्षांचा आहे, त्या वेळी तो शेजारी खेळायला गेला होता. मला रडू आवरत नव्हतं म्हणून ‘चिंगी डॉक्टरांकडे राहिलीय’ एवढंच त्याला सांगितलं. आता तो रोज विचारतो. सासूबाई म्हणतात, देवाघरी गेली म्हणून सांग. मिस्टर म्हणतात, तसंच एक पिल्लू आणू. त्यात सासूबाई फोनवर कुणाला तरी म्हणाल्या की मांजर मारलं की सोन्याची मांजर काशीला न्यावी लागते, आणि ते त्याने ऐकलं असावं. त्याला काय सांगू आणि कसं?

उत्तर :

आज संध्याकाळीच सांगा. तो रोज विचारतोय म्हणजे वाट बघतोय, आणि जितके दिवस वाट बघेल तितकं नंतर त्याला जड जाईल. शिवाय या वयाच्या मुलाला घरातली हवा बरोबर कळते. आईचे डोळे सुजलेत, चिंगीचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलतात, हे त्याने केव्हाच टिपलेलं असणार. जे कुणी सांगत नाही तिथे मूल स्वतःची गोष्ट रचतं. ती गोष्ट बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असते, आणि पुष्कळदा तिच्यात दोषी ते स्वतःच असतं.

झोपायच्या वेळी सांगू नका आणि शाळेत निघतानाही नको. संध्याकाळी दूध-खाणं झालं की बसा, म्हणजे झोपेपर्यंत दोन-तीन तास हाताशी राहतात. तेवढ्यात तो पुन्हा येऊन विचारू शकतो, खेळू शकतो, रडू शकतो. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. चिंगी जिथे पसरायची त्या जागेजवळ त्याला मांडीवर घेऊन बसलात तरी चालेल. सांगायचं तुम्हीच, कारण तो तुम्हाला विचारतो आणि आधीचं उत्तरही तुम्हीच दिलंय. मिस्टर घरात असू देत, पण सगळी मोठी माणसं समोर ओळीने बसली की मुलाला वाटतं, आपण काहीतरी केलंय आणि आता बोलणी बसणार.

बोलायचं साधारण असं. शब्द तुमच्या घरातले घाला, क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा.

‘बाळा, तुला एक वाईट वाटेल अशी गोष्ट सांगायची आहे. आपली चिंगी मेली. चिंगी डॉक्टरांकडे आहे असं मी तुला म्हणाले होते ना, ते खरं नव्हतं. मला खूप रडू येत होतं आणि तुला कसं सांगू ते सुचत नव्हतं. ती शनिवारीच मेली.’

इथे थांबा. मनात दहापर्यंत मोजा. मोठ्यांना ही शांतता सोसवत नाही आणि ते भराभर बोलून ती भरून काढतात. तो काही विचारेल, किंवा नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मग पुढे :

‘चिंगी खूप म्हातारी झाली होती. ती सारखं पाणी प्यायची, बारीक झाली होती, उलट्या करायची, आठवतं? तिच्या पोटात किडनी नावाचा भाग असतो, तो रक्तातली घाण गाळून शूमधून बाहेर टाकतो. तिची किडनी बिघडली आणि ती कुठल्याही औषधाने बरी होण्यासारखी नव्हती. मग तिचं सगळं शरीर बंद पडलं. मेली म्हणजे तिचं शरीर आता काहीच करत नाही. श्वास घेत नाही, खात नाही, तिला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. आणि मेलेलं मांजर परत जिवंत होत नाही, म्हणून चिंगी आता आपल्या घरी येणार नाही.’

‘मेली’ हा शब्द तुम्हाला खटकेल, ते मी समजू शकते. आपल्याकडे तो शिवीसारखाही वापरतात, आणि माणसांबद्दल आपण ‘गेली’, ‘वारली’ असंच बोलतो. पण ते ओरखडे मोठ्यांच्या मनात असतात. 5 वर्षांच्या मुलाने मेलेली मुंगी पाहिलेली असते, मेलेलं झुरळ पाहिलेलं असतं. त्याच्यासाठी तो अगदी साधा शब्द आहे. उलट ‘गेली’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुठे?’ असा येतो, आणि ‘झोपली’ म्हटलं की ‘उठणार कधी?’ असा. ‘झोपली’ हा शब्द तर कटाक्षाने टाळा. उद्या दुपारी झोप असं तुम्ही त्याला सांगणार आहात, आणि झोपलेली चिंगी उठली नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असणार. रात्री एकटं झोपायला अचानक नकार देणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी विचारते, घरात अलीकडे कुणाच्या मरणाबद्दल ‘झोपले’ असं कुणी म्हणालं का.

‘शरीर बंद पडलं’ एवढंच पुरेसं आहे. खेळण्यातले सेल संपतात तसं, हे मात्र म्हणू नका. सुचायला सोपं आहे, पण सेल बदलता येतात हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक आहे.

शरीराच्या कामांवर मी एवढा भर का देते, तेही सांगते. मुलांना मरण कसं कळतं यावर बुडापेस्टमध्ये मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञाने 3 ते 10 वर्षांच्या मुलांशी बोलून अभ्यास केला होता, तो 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. तिला दिसलं की पाचाच्या आतल्या बऱ्याच मुलांना मरण म्हणजे दुसरीकडे जाणं किंवा झोपणं वाटतं, आणि मेलेला तिकडेही थोडंफार जगतच असतो. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 1984 मध्ये स्पीस आणि ब्रेंट या दोघांनी घेतला. त्यांना आढळलं की मेलेलं परत येत नाही, त्याचं शरीर काहीच करत नाही आणि हे प्रत्येक जिवाला होतं, या तीनही गोष्टी बहुतेक मुलांना साधारण 5 ते 7 या वयात उमजतात. तुमचा मुलगा या वाटेच्या अगदी सुरुवातीला आहे. म्हणजे यातलं काही आज त्याला कळेल, काही अर्धवट राहील. एका बैठकीत सगळं कळलं पाहिजे असा हट्ट नको. तो उद्या पुन्हा ‘चिंगी कधी येणार?’ असं विचारेल तेव्हा आपलं सांगणं फुकट गेलं असं समजू नका. तो तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने हाताळून बघत असतो. दर वेळी उत्तर तेच आणि शक्यतो त्याच शब्दांत द्या : ‘चिंगी मेली, म्हणून ती परत येणार नाही. तुला तिची आठवण येतेय ना?’ दोन वाक्यं पुरतात. त्याला जास्त हवं असेल तर तो विचारतोच.

आता इंजेक्शनचं. हे सांगावं की नाही यावर आम्हा समुपदेशकांतही दोन मतं आहेत. मूल तीन वर्षांचं असतं तर मी ‘शरीर बंद पडलं’ एवढ्यावरच थांबा म्हटलं असतं. पण तुमचा मुलगा पाचचा आहे आणि घरात त्यावर फोनवर बोलणं झालंय. ‘मांजर मारलं’ हे शब्द त्याच्या कानावर पडले असतील तर त्याच्या डोक्यात एक जोडणी तयार असणार : चिंगीला आईबाबांनी मारलं. ती तशीच आत राहण्यापेक्षा तुम्ही स्वतः सांगितलेलं बरं. मात्र पहिल्या पाच मिनिटांत नको. आधी चिंगी मेली हे पोचू दे, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तो ‘कशी मेली?’ असं विचारेल तेव्हा सांगा.

‘चिंगीला खूप त्रास होत होता. तिचं शरीर बंद पडत चाललं होतं आणि बरं करणारं औषध डॉक्टरांकडे उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी तिला एक वेगळं औषध टोचलं. त्याने तिचा त्रास थांबला आणि तिचं हृदयही थांबलं. ते औषध फक्त जनावरांच्या डॉक्टरांकडे असतं. तुझे डॉक्टर ते कुणालाच देत नाहीत. तुझ्या इंजेक्शनात तू आजारी पडू नयेस म्हणून औषध असतं.’

शेवटची तीन वाक्यं अजिबात गाळू नका. आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात डीपीटीचा दुसरा बूस्टर 5 ते 6 वर्षांत येतो, म्हणजे तुमच्या मुलाला लवकरच सुई टोचून घ्यायची असेल किंवा नुकतीच घेऊन झाली असेल. म्हाताऱ्या मांजरीच्या किडनीच्या आजारात पुष्कळ घरांतून कातडीखाली सलाईन देतात. तुमच्याकडे तसं चालू असेल तर त्याने चिंगीला टोचताना आधीही पाहिलंय. सुई, डॉक्टर आणि मरण यांची गाठ त्याच्या मनात पडायला एवढं पुरे. अशी गाठ पडली की पुढच्या लसीच्या वेळी मूल दवाखान्याच्या दारातच किंचाळायला लागतं आणि आई-वडील म्हणतात, एवढा धीट होता, अचानक काय झालं.

हीच काळजी ‘आजारी होती म्हणून मेली’ या वाक्याबाबत घ्या. नुसतं तेवढं सांगितलं तर पुढच्या महिन्यात ताप आल्यावर तो तुम्हाला विचारेल, ‘मी पण?’ म्हणून आजाराचं नाव घ्यायचं, कुठला अवयव ते सांगायचं, आणि वर एक वाक्य जोडायचं : ‘सर्दी-ताप वेगळा असतो, तो बरा होतो.’

सासूबाईंच्या म्हणण्याकडे येऊ. ‘देवाघरी गेली’ हे चुकीचं आहे म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, आणि मुलासमोर तर नकोच. ही त्यांची श्रद्धा आहे, उद्या त्यालाही तिचा आधार वाटू शकतो. अडचण होते ती एवढंच सांगून थांबल्यावर. तुमच्या घरात देवघर असेल तर तो तिथे जाऊन समईच्या मागे बघून येईल, यात मी गंमत करत नाही. काही मुलांना देवाचा राग येतो, त्याने माझी मांजर का नेली म्हणून. काही म्हणतात, मलाही तिकडे जायचंय. ते ऐकून आईच्या पोटात गोळा येतो, मुलाला मात्र फक्त मांजरीला भेटायचं असतं. म्हणून शरीराचं आधी, श्रद्धेचं नंतर, आणि ती कुणाची आहे ते सांगून : ‘चिंगीचं शरीर बंद पडलं, बाबांनी ते मामाच्या शेतात पुरलं. आजीला वाटतं की तिचा जीव आता देवाजवळ आहे.’ तुम्हालाही तसं वाटत असेल तर ‘मलाही वाटतं’ म्हणा. नसेल वाटत तर ‘मला नक्की माहीत नाही’ म्हणा. पाच वर्षांच्या मुलाला आजीचं एक आणि आईचं दुसरं असणं मुळीच जड जात नाही, जेवणाच्या बाबतीत ते त्याला रोजच दिसतं.

काशीच्या सोन्याच्या मांजरीचं मात्र सासूबाईंशी आज दुपारीच, तो नसताना, बोलून घ्या. ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि त्यांनी ती बहुधा हळहळीने, सवयीने बोलून दाखवली असेल, तुम्हाला दोष द्यायला नव्हे. त्यांना एवढंच सांगा : ‘आई, त्याने ऐकलंय असं मला वाटतं. त्याने विचारलं तर तुम्हीच त्याला सांगा की चिंगीला कुणी मारलं नाही, तिचा त्रास थांबवला.’ हे आजीच्या तोंडून आलं तर त्याचं वजन तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त. त्याने खरंच ऐकलंय का, हे बघायला ‘तू फोन ऐकलास का?’ असं विचारू नका. त्याला वाटेल चोरून ऐकल्याबद्दल रागावतायत, आणि तो सरळ ‘नाही’ म्हणेल. त्याऐवजी गप्पांच्या ओघात विचारा : ‘चिंगी कशी मेली असं तुला वाटतं?’

हा प्रश्न या सगळ्यातला सर्वांत उपयोगाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. तो दोनदा विचारायचा, एकदा सांगितल्यानंतर दोन-तीन दिवसांनी आणि एकदा दोनेक आठवड्यांनी. उत्तर ऐकताना चेहरा सरळ ठेवायचा. तुम्हाला कदाचित ऐकू येईल, ‘मी तिची शेपटी ओढली म्हणून’, किंवा ‘मी तिला जा म्हटलं होतं म्हणून’. या वयात मनात आलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं यांच्यातली भिंत फार पातळ असते. मी रागावलो, आणि मग ती मेली, म्हणजे माझ्या रागाने मेली, असा तो हिशोब असतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने मांजरीच्या वाटीतलं दूध सांडलं होतं आणि मांजर उपाशी राहून मेली असं ती कितीतरी दिवस धरून बसली होती. घरात कुणालाच पत्ता नव्हता, कारण ती रडत नव्हती, फक्त स्वतःचं दूध प्यायचं तिने बंद केलं होतं.

असं काही निघालं तर ‘छे, वेडा आहेस का’ म्हणून उडवून लावू नका. त्याचं म्हणणं पुरतं ऐका आणि मग ते कारण एकेक करून सोडवा : ‘तू शेपटी ओढलीस तेव्हा तिला राग आला होता, ती पळून गेली होती. पण शेपटी ओढून किडनी बिघडत नाही. रागावून पण नाही आणि जा म्हणून पण नाही. किडनी म्हातारपणाने बिघडली. तू काहीही केलं असतंस किंवा नसतंस, तरी ती बिघडलीच असती.’ हे एकदा सांगून पुरत नाही. आठवडाभरात पुन्हा एकदा, त्याने विचारलं नाही तरी, सहज बोलून टाका.

‘म्हातारपण’ शब्द आला की आजी आलीच. सोळा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशोबात जवळपास ऐंशीची, हे गणित मुलाला सांगू नका, तो ते लगेच घरच्यांवर लावून बघेल. ‘आजी पण म्हातारी आहे, आजी मरणार?’ हा प्रश्न सासूबाईंच्या समोर येण्याची शक्यता भरपूर आहे, त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. ‘नाही रे, आजी कधीच मरणार नाही’ हे त्या क्षणी तोंडात येतं, पण ते आवरा. चिंगीबद्दलची एक दुरुस्ती तुम्ही नुकतीच केली आहे, दुसऱ्या दुरुस्तीची सोय ठेवू नये. ‘सगळी माणसं कधीतरी मरतात, पण बहुतेक माणसं खूप खूप वर्षं जगतात. आजीची तब्येत चांगली आहे. आजी, बाबा आणि मी तुझ्याबरोबर पुष्कळ वर्षं राहू असं आम्हाला वाटतं.’ या प्रश्नामागे बऱ्याचदा दुसरा प्रश्न दडलेला असतो, तुम्ही दोघं मेलात तर मला जेवायला कोण देणार. त्याने तो विचारला तर मामा, मावशी, जे खरोखर असतील त्यांची नावं सांगा. मुलं नावं ऐकून गप्प होतात आणि खेळायला पळतात.

आणि तो पळेल तेव्हा चक्रावून जाऊ नका. तुम्ही एवढी तयारी करून सांगाल आणि तो म्हणेल, ‘बरं. मी बिस्कीट खाऊ?’ त्याला दुःख झालं नाही असा याचा अर्थ नाही. मोठ्यांसारखं सलग दुःख लहान मुलांना पेलत नाही. ती दोन मिनिटं रडतात, अर्धा तास गाड्या खेळतात आणि रात्री दात घासताना पुन्हा हुंदका देतात. पुढच्या काही दिवसांत तो बहुधा मेलेल्या मांजराचा खेळही खेळेल, सोफ्यावर हातपाय ताणून पडेल, किंवा एखाद्या टेडीला चादरीत गुंडाळून पुरेल. त्याला थांबवू नका, ‘असं अभद्र खेळू नये’ म्हणू नका. सांगितलेलं पचवायची त्याची हीच रीत आहे. खेळात बोलावलं तर जा, पण सूत्रं त्याच्या हातात राहू द्या.

तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. ‘मला चिंगीची आठवण आली म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने थांबेल’ एवढं कारण सांगितलं की पुरे. कारण न सांगता न्हाणीघरात जाऊन रडणारी आई मुलाला जास्त घाबरवते.

चिंगीला शेतात पुरलंय हे एका अर्थी सोयीचं झालं, दाखवायला जागा आहे. पण त्याला तिथे न्यायच्या आधी दोन गोष्टी. एक, तो म्हणेल, ‘खणून बघू या ना.’ त्याचं उत्तर तयार ठेवा : ‘नाही. मेलेलं शरीर हळूहळू मातीत मिसळून जातं, म्हणून ते झाकलेलंच ठेवायचं.’ दोन, भावाला फोन करून खड्डा किती खोल घेतला होता आणि जागा उकरलेली नाही ना, ते विचारून घ्या. साधारण तीन फूट तरी खोली हवी, नाहीतर कुत्री उकरतात. अशा इंजेक्शनातलं औषध मेलेल्या शरीरात टिकून राहतं, ते खाल्लेल्या जनावराला त्याची बाधा होऊ शकते. तेव्हा खड्डा उथळ असेल तर वर आणखी माती आणि मोठे दगड टाकून घ्यायला सांगा. हे झाल्यावर एखाद्या रविवारी जा. त्याला काय न्यायचंय ते त्यालाच ठरवू द्या. मुलं चेंडू नेतात, चित्र नेतात, मूठभर दाणे नेतात. ‘चिंगीला तिथे भूक लागेल’ म्हणून दाणे नेत असेल, तर नेऊ द्या आणि वाटेत सांगा की तिला भूक लागत नाही, पण तिला आवडायचं म्हणून आपण ठेवू. दुसऱ्या दिवशी दाणे नाहीसे झाले तर मुंग्यांनी आणि पाखरांनी खाल्ले, हेच सांगायचं.

ज्यांच्या घरी अशी मांजर अजून शेवटच्या दिवसांत आहे त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवते. या वयाच्या मुलाला मेलेली मांजर दाखवायला माझी हरकत नसते, त्याची इच्छा असेल तर. ‘ती परत येणार नाही’ हे कळायला थंड पडलेलं अंग फार मदत करतं. मात्र आधी तयारी करा. पहिल्या तासाभरात तिचे पाय मुडपून तिला नेहमीसारखं वळकटी करून ठेवा, कारण काही तासांत शरीर ताठरतं आणि मग ते जमत नाही. खाली जुना टॉवेल घाला, तोंडातून आणि मागून थोडं पाणी येऊ शकतं. मांजराचे डोळे मिटवले तरी पुष्कळदा उघडेच राहतात. म्हणून खोलीत जायच्या आधी मुलाला सांगा : ‘तिचे डोळे उघडे दिसतील, पण ती बघत नाहीये. हात लावलास तर थंड आणि कडक लागेल.’ नको म्हणाला तर आग्रह नाही. दारातूनच बघून परत फिरला तरी चालतं.

पिल्लाचं. मिस्टरांना सांगा, सध्या नाही. तसंच दिसणारं तर मुळीच नाही. तसंच पिल्लू आणलं की मुलाला दोनपैकी एक वाटतं, चिंगी परत आली, किंवा मेलेल्याच्या जागी दुसरं आणता येतं. दुसरी गोष्ट त्याने स्वतःला लावून बघितली तर पंचाईत. मी काही महिने थांबायला सांगते, पण खरी खूण कॅलेंडरात नसते. तो चिंगीबद्दल न रडता, हसत गोष्टी सांगायला लागला आणि पिल्लाचा विषय त्याने स्वतः, वेगळ्या नावाने काढला, की मग बघा. तोपर्यंत तिची वाटी, गादी हे सगळं एका रात्रीत गायब करू नका. मातीचा ट्रे मात्र लगेच काढा, तो कुणालाच नको असतो. बाकीचं त्याला विचारून आवरा, आणि एक वस्तू त्याची त्याने ठेवून घेऊ दे.

पहिले काही आठवडे थोडी मागे जाणारी लक्षणं चालतील : एखाद्या रात्री गादी ओली होणं, बोबडं बोलणं, तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी मागे मागे येणं. रागावू नका, पण रोजचं वेळापत्रक ढळू देऊ नका. जेवण, अंघोळ, झोप त्याच वेळी. ही लक्षणं कमी व्हायच्या ऐवजी महिन्याभराने वाढत असतील, तो शाळेला जायला ठाम नकार देत असेल, खाणं-झोप सलग बिघडलेली असेल, किंवा ‘माझ्यामुळे मेली’ हे तुम्ही कितीदा समजावलं तरी सुटत नसेल, तर बालसमुपदेशकाला एकदा दाखवा. ‘मला चिंगीकडे जायचंय’ असं एखाद्या वेळी म्हणाला तर आधी विचारा, ‘तिकडे जाऊन काय करणार?’ ‘तिला कुरवाळणार’ असं उत्तर आलं तर ती आठवण आहे, तिचे फोटो काढून बसा. पण तो वारंवार तसं म्हणत असेल, किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर महिना वगैरे थांबू नका, त्याच आठवड्यात भेटा.

एक काम उद्या सकाळी. शाळेतल्या बाईंना दोन ओळींत कळवा : मांजर मेली आहे, आम्ही त्याला ‘मेली’ असंच सांगितलंय, त्याने वर्गात विषय काढला तर ऐकून घ्या, ‘झोपली’ किंवा ‘तारा झाली’ असं म्हणू नका. बाई प्रेमाने काहीतरी वेगळं सांगतात आणि तो घरी येऊन तुम्हाला खोटं पाडतो, असं बऱ्याच घरांत होतं.